घर बघून गेलेल्यांकडून खरा अभिप्राय कसा मिळवायचा?

प्रश्न: घर बघून गेलेल्या लोकांना मी बारा प्रश्नांचा फॉर्म पाठवतो. बहुतेक जण भरतच नाहीत. जे भरतात ते 'छान आहे, विचार करून सांगतो' एवढंच लिहितात. लोकांना काय खटकलं ते मला घरमालकाला सांगायचं असतं, पण सांगण्यासारखं हाती काही लागत नाही. फॉर्ममध्ये नेमकं काय विचारावं?

उत्तर: बारापैकी आठ प्रश्न आधी काढून टाका. 'स्वयंपाकघर कसं वाटलं? पाचपैकी गुण द्या' अशा प्रश्नाला लोक भिडेखातर तीन किंवा चार देतात, आणि तीन गुणांवरून मालकाने करायचं काय? फोनवर दोन मिनिटांत भरून होतील असे चारच प्रश्न ठेवा आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवा. एका सुट्टीत चार-पाच घरं बघणाऱ्याच्या डोक्यात दोन दिवसांनी सगळ्या खोल्यांची सरमिसळ झालेली असते.

पहिला प्रश्न: 'फोटो बघून जे वाटलं होतं त्यापेक्षा प्रत्यक्षात काय वेगळं निघालं?' चारांत हाच सगळ्यात कामाचा. 'काय आवडलं नाही' असं विचारलं की माणूस संकोचतो, कारण ते दुसऱ्याच्या घराला नावं ठेवल्यासारखं होतं. फरक सांगायला मात्र कोणी लाजत नाही. दुसरा: 'उद्या इथे राहायला यायचं ठरलं, तर आधी काय बदलाल?' तिसरा: 'याच किमतीच्या आसपास बघितलेल्या घरांपैकी जास्त आवडलेलं कोणतं, आणि कशामुळे?' चौथा: 'पुन्हा बघायला याल का?' याला हो, नाही, आणि 'घरच्या कुणाला तरी घेऊन' असे तीन पर्याय द्या. तिसरा पर्याय निवडणाऱ्याला लगेच फोन करा.

'किंमत कशी वाटली?' हा प्रश्न मुद्दामच घेतलेला नाही. ज्याला घर हवंय तो घासाघीस करण्यासाठी 'जास्त' म्हणतो आणि ज्याला नकोय तो सभ्यपणे सुटका करून घेण्यासाठी 'जास्त' म्हणतो, त्यामुळे त्या उत्तरातून दोघांतला फरक कळत नाही. किमतीचा अंदाज तिसऱ्या प्रश्नातून येतो. सगळ्यांना दुसरंच घर बरं वाटतंय पण प्रत्येकाचं कारण निराळं असेल, तर बहुधा किंमतच चढी आहे. कारण एकच असेल, तर आधी ती एक गोष्ट तपासा.

उदाहरण घेऊ. समजा आठ फॉर्म आले आणि पाच जणांनी पहिल्या प्रश्नाला लिहिलं, 'दुसरी बेडरूम लहान निघाली.' खोली १० फूट बाय ११ फूट आहे. जाहिरातीतला फोटो वाइड लेन्सने काढलेला आहे, आणि खोलीत डबल बेड, कपाट आणि टेबल दाटीने ठेवलंय. म्हणजे दोन कारणं एकत्र आहेत: फोटोने वाढवलेली अपेक्षा आणि सामानाने खाल्लेली जागा. टेबल बाहेर काढा, साध्या लेन्सने फोटो घ्या, जाहिरातीत खोलीची मापं लिहा. त्यानंतरचे पाच-सहा फॉर्म वेगळे ठेवा, जुन्यांत मिसळू नका. 'लहान' ही तक्रार पहिल्या प्रश्नातून गेली आणि तिसऱ्यात आली, तर आता लोकांचा अपेक्षाभंग होत नाहीये, त्यांना खरोखरच मोठी खोली हवी आहे. भिंती काही सरकणार नाहीत. मग एक तर किंमत कमी करायची, नाहीतर त्या खोलीत अभ्यासिका किंवा काम करायची जागा बघणारं गिऱ्हाईक शोधायचं.

एकट्यादुकट्या फॉर्मवरून मात्र मालकाला रंगकामाला लावू नका. एकाला भिंत भडक वाटते, तीच दुसऱ्याला आवडते. तीन वेगवेगळ्या कुटुंबांनी न विचारता तेच लिहिलं की दखल घ्या. नवरा-बायकोला मात्र शक्य असेल तर वेगवेगळा फॉर्म पाठवा, एकत्र भरलेल्या फॉर्ममध्ये बहुतेक वेळा एकाचंच मत येतं.

जे फॉर्म भरत नाहीत त्यांचं काय? त्यांतल्या बऱ्याच जणांनी घर मनातून काढून टाकलेलं असतं, त्यामुळे आलेले फॉर्म खऱ्यापेक्षा जरा गोडच दिसतात. ही उणीव भरायला स्वतःची एक ओळ जोडा: किती मिनिटं थांबले, कुठल्या खोलीत परत गेले, कुठे काढता पाय घेतला. सहा मिनिटांत बाहेर पडलेल्याने 'छान' लिहिलं असेल, तर ते शिष्टाचाराच्या खात्यात टाका. घर दाखवताना मालक घरात असले तर तेही नोंदवा, कारण त्यांच्यासमोर कपाट उघडून बघायलाही लोक बिचकतात.

फॉर्मच्या वर एक वाक्य हवंच: 'तुमचं नाव न सांगता हा अभिप्राय घरमालकांना कळवला जाईल.' आणि फॉर्ममध्ये बजेट विचारू नका. तो आकडा मालकाच्या कानावर जाईल अशी शंका आली, तर बाकीची उत्तरंही लोक हात राखून देतात.