कोटेशनमध्ये तीन पॅकेज दिली की क्लायंट मधलंच घेतो म्हणतात. मग सगळ्यात महागडं नुसतं दाखवायला ठेवलं तर चालेल का?

नाही चालणार. एक दिवस कुणीतरी तेच घेतं.

आम्ही दोघे मिळून वेबसाइट बनवायचो. वरच्या पॅकेजवरून माझं आणि भागीदाराचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याचं एकच पालुपद, "वरचं घेतंय कोण? लिही काहीही." मधल्याची किंमत १०० धरली तर खालचं ६५ आणि वरचं १८० होतं. मधल्याला लागणारे ५० तास आम्ही नीट मोजले होते. वरच्यात मात्र मधलं सगळं आणि शिवाय एक ओळ होती, 'वर्षभर कितीही बदल'. त्या ओळीचे तास कुणीच मोजले नव्हते.

क्लायंटने नेमकी त्याच ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि वरचं घेतलं. जादा ८० म्हणजे आमच्या दराने ४० तास. मग दर सोमवारी मेल यायचा: बॅनर बदला, फोटो बदला, मेनूत एक पान वाढवा. पाचव्या महिन्याअखेर टाइमशीटवर बदलांचेच ४३ तास भरले होते. पुढचे सात महिने फुकट राबलो. क्लायंटचं काहीच चुकलं नव्हतं, लिहून आम्हीच दिलं होतं. भागीदार म्हणाला, नशीब खराब.

नशीब कसलं! माणसाला स्वस्तात फसण्याची भीती असते, तशी उगाच जास्त मोजण्याचीही, म्हणून तो मध्ये येऊन थांबतो. सायमनसन आणि ट्वर्स्की या संशोधकांच्या १९९२ च्या प्रयोगात दोन कॅमेरे ठेवले तेव्हा पसंती निम्मी-निम्मी होती. आणखी महाग तिसरा मांडल्यावर मधला ५७ टक्के लोकांनी निवडला. भागीदार हा आकडा सगळ्यांना सांगायचा. पण त्याच प्रयोगात सगळ्यात महाग कॅमेरा २१ टक्के लोकांनी निवडला होता, म्हणजे पाचातल्या एकाने. तुमचे आकडे वेगळे येतील, पण शून्य येणार नाही.

आता माझ्या वरच्या पॅकेजमध्ये 'महिन्याला ४ तास बदल, न वापरलेले पुढे जात नाहीत' असं असतं. वर्षाचे ४८ तास, म्हणजे ९६ जादा, म्हणून किंमत राउंड करून २००. कुणी घेतलं तर पोटात गोळा येत नाही, आणि बहुतेक जण अजूनही मधलंच घेतात.

खालचं पॅकेज करताना काम कमी करा, दर्जा नको. पानं कमी द्या, मजकूर क्लायंटला भरू द्या, पण मोबाइलवरची तपासणी काढू नका. विस्कटलेली साइट तुमच्याच नावावर फिरते.

आणि हो, क्लायंटने कामाची यादी स्वतः पक्की करून तीन-चार जणांकडून दर मागवले असतील, तर हे सगळं सोडा. तिथे त्याला तुमचा एक आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचा असतो. तिथे एकच दर द्या.