सेप्सिसमध्ये आधी रक्त, मग अँटिबायोटिक का?

प्रश्न: आईला सेप्सिस झाला तेव्हा इंजेक्शन देण्याआधी रक्त का काढत बसले? आणि दोन दिवसांनी भारी औषध बंद करून साधं का दिलं?

उत्तर: सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराची प्रतिक्रिया इतकी बिघडते की अवयवांना इजा होऊन जीवाला धोका होतो. तरीही आधी रक्त काढतात, कारण औषधाचा डोस गेल्यावर रक्तातला जंतू कल्चरमध्ये, म्हणजे तो प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, वाढण्याची शक्यता बरीच घटते, आणि पुढे औषध साधं करायचं तर जंतूचं नाव हवंच. मी आयसीयूत काम करतो. समजा, लघवीच्या संसर्गाने थंडी-ताप आणि बीपी ८०/५०. अशा वेळी दोन वेगळ्या जागांहून रक्त घेतात, मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. सोबत लघवीचा नमुना. याला पाच-दहा मिनिटं पुरतात, आणि लगेच मेरोपेनेमसारखं, बहुतेक जंतूंना पुरून उरणारं औषध सुरू होतं. बीपी पडलेलं असेल तर ओळखल्यापासून तासाभरात पहिला डोस जायलाच हवा. शीर सापडत नसेल तर मात्र कल्चरसाठी ताटकळू नये, औषध द्यावं. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट येतो: जंतू ई. कोलाय, सेफ्ट्रियाक्सोन या साध्या अँटिबायोटिकला संवेदनशील, म्हणजे त्याने मरणारा. मग मेरोपेनेम थांबवून सेफ्ट्रियाक्सोन देतात. मेरोपेनेम चालू ठेवून आईला जास्त फायदा नव्हता, उलट आतड्यात प्रतिकारक जंतू माजायला वाव मिळतो. (नातेवाईकांना हे 'औषध कमी केलं' असं वाटतं, ते साहजिक आहे.) रिपोर्टमध्ये ईएसबीएलवाला, म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधं निकामी करणारा, जंतू निघाला, तर सहसा मेरोपेनेमच पुढे चालू राहतं. बीपी ठीक असेल आणि सेप्सिसची नुसती शंका असेल, तर मात्र तपासायला तीन तासांपर्यंत सवड असते.