आकडा आधी सांगितला, काम नंतर कळलं

चि.स आशीर्वाद,

पगाराची अपेक्षा बदलून सांगण्यासाठी एचआरला पाठवायच्या मेलचा मसुदा वाचला. त्यातलं "पगाराबाबत मी फ्लेक्झिबल आहे, योग्य वाटेल ते द्या" हे वाक्य आधी काढ. एचआर त्याचा अर्थ एवढाच लावेल की पहिला आकडा हवेत फेकला होता आणि आता हा मिळेल त्यात येईल. आकडा सैल करायचा तर त्याला कारण लागतं, आणि ते कामाच्या स्वरूपातून निघालेलं लागतं. घरची निकड हे कारण तिथे चालत नाही.

तुझ्याकडे कारण आहे. पहिल्या फोनवर तुला सप्लायर क्वालिटीचं काम सांगितलं, हालोलला रोज फेरी. म्हणून तू साडेनऊ लाख म्हणालास. दांडिया बाजारातून हालोल जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. २२ दिवस धरले तरी महिन्याला १,७०० किलोमीटरच्या वर, आणि तेही स्वतःच्या मोटरसायकलवर. दुसऱ्या राउंडला कळलं की बसायचं बडोद्यातच, मकरपुऱ्यात, जनरल शिफ्टला, आणि हालोलची फेरी महिन्यातून दोन-तीनदा, कंपनीच्या गाडीने. उलट कस्टमर ऑडिटची तयारी तुझ्या गळ्यात आली. कमी झालेलं आणि वाढलेलं, दोन्ही लिही. नुसतं कमी झालेलं लिहिलंस तर आपला आकडा आपणच कापून दिल्यासारखं होईल.

मेल इंग्रजीतच जाईल, पण आशय असा ठेव:

"कालच्या चर्चेत कामाचं पूर्ण स्वरूप समजलं. पहिल्या फोनवर मी ९.५ लाख सांगितले तेव्हा रोजचा प्रवास गृहीत धरला होता. तो आता नाही. कस्टमर ऑडिटची जबाबदारी मात्र नव्याने समजली, आणि ती घ्यायला आवडेल. हे लक्षात घेता ८.५ ते ९ लाखांत, फिक्स्ड आणि व्हेरिएबलची विभागणी पाहून, मी विचार करू शकतो."

बस. पाच-सहा ओळींच्या पुढे गेलास की सफाई दिल्यासारखं वाटतं.

खालचा आकडा नीट ठरव, कारण ऑफर बहुधा त्यालाच चिकटून येते. ८.५ वर मनापासून हो म्हणता येत नसेल तर तो लिहूच नकोस.

आता त्या "विभागणी पाहून" या शब्दांचं. मसुद्यात ते नव्हते, आणि मला सगळ्यात महत्त्वाचे तेच वाटतात. समज, बेसिक सीटीसीच्या निम्मं आहे, पीएफ पूर्ण बेसिकवर १२ टक्के कापला जातो, आणि कंपनीचा पीएफचा हिस्सा व ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी सीटीसीतच धरली आहे. ९ लाखांत १० टक्के व्हेरिएबल असेल तर ९०,००० वर्षाअखेरीवर गेले. कंपनीचा पीएफ ५४,००० आणि ग्रॅच्युइटी साधारण २१,६०० वजा केली की महिन्याचा ग्रॉस ६१,२०० च्या आसपास उरतो. त्यातून तुझा पीएफ ४,५०० आणि गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात साधारण ५६,५००. तेच ८.५ लाख सगळे फिक्स्ड असतील तर याच हिशेबाने हातात ६०,४०० येतात. नव्या रिजीममध्ये या पगारावर सध्या आयकर लागत नाही, म्हणून तो धरलेला नाही. म्हणजे ५० हजारांनी "खाली" येऊनही दर महिन्याला जवळजवळ ४,००० जास्त. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर वर्षाचा हिशेब ९ लाखांच्या बाजूने झुकतो हे खरं. पण मागच्या वर्षी त्या डिपार्टमेंटला किती टक्के मिळालं, हे विचारल्याशिवाय ते पैसे मोजू नकोस.

मेल आजच पाठव. एचआरच्या फॉर्ममध्ये "अपेक्षित सीटीसी" समोर अजून साडेनऊच आहे, आणि मंजुरीला तोच आकडा जाईल. तो बजेटबाहेर असेल तर तुझं नाव तिथेच बाजूला पडेल, तुला कोणी कळवणारही नाही. एकदा मंजुरी झाली की आकडा बदलणं म्हणजे त्यांच्यासाठी पुन्हा सह्या. ज्या थ्रेडमध्ये इंटरव्ह्यूची वेळ कळवली होती त्यालाच रिप्लाय कर, एचआरला. ज्या मॅनेजरने इंटरव्ह्यू घेतला त्याला पगाराचं वेगळं लिहू नकोस. दोन ठिकाणी दोन आकडे फिरायला लागतात.

आणि सध्याचा पगार या मेलमध्ये आणू नकोस. आणायचाच झाला तर स्लिपवर आहे तोच, कारण शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा ते मागतीलच.

मेल गेल्यावर एचआरचा फोन येईल, "मग साडेआठ फायनल धरू का?" तेव्हा घाईने हो म्हणू नकोस. "ब्रेकअप पाठवा, पाहून आज संध्याकाळपर्यंत सांगतो" एवढंच म्हण, आणि संध्याकाळी खरंच सांग.

तुझा,
काका