ठिपका आधी त्याच्याच पाण्यात बघ

बाय,

तू पाठवलेले फोटो बघितले. आगरवाड्याच्या मिठागरातल्या गुलाबी पाण्यातून वाढवलेले जंतू, ग्रॅमची स्लाइड, पेशींच्या पोटात फिकट ठिपके, आणि खाली प्रश्न: "सर, हे स्पोअर असतील का? गाइड म्हणतात सरळ सेम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, करून घे."

स्पोअर नव्हेत. पंचवीस टक्के मिठात वाढणारे हे गुलाबी जीव बहुधा हॅलोआर्किया, म्हणजे आर्किया गटातले मीठप्रेमी जीव, आणि आर्कियात एंडोस्पोर होत नाहीत. पण फिकट ठिपका बघून तू तीन दिवस तर्क कसले करत बसलीस? जीव त्याच्याच पाण्यात बघायचा, जिवंत. मग रंग, मग बाकी सगळं.

तुझी पहिली स्लाइड नुसता गुलाबी चिखल होती, कारण स्मिअर साध्या पाण्याने धुतलास. मीठ उतरलं की यांचं प्रथिनांचं आवरण सुटतं आणि पेशी फुटते. दुसऱ्या वेळी दोन टक्के ॲसिटिक ॲसिडने पाच मिनिटं फिक्स केलंस, ते बरं झालं, दांडके दिसले. तरी ब्राइट फील्डमध्ये तू बघतेस तो रंग. जिथे रंग बसला नाही तिथे फिकट. तिथे वायू होता, चरबीसारखा साठा होता, की वाळताना पेशीच आकसली, हे ती स्लाइड कधीच सांगणार नाही.

आता फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे रंग न देता अपवर्तनांकातल्या फरकावरून जिवंत पेशी दाखवणारा सूक्ष्मदर्शक. तुमच्या खात्यात तो धूळ खात पडलेला असणार, माझी पैज. कंडेन्सरचं कडं आणि ऑब्जेक्टिव्हमधलं कडं एकावर एक बसवून घे. नाहीतर सगळं करडं दिसतं आणि पोरं यंत्राला शिव्या घालतात. खाऱ्या पाण्यात पेशी आणि पाणी यांच्या अपवर्तनांकातला फरक मुळातच कमी, म्हणून हे जुळवणं इथे जास्त महत्त्वाचं. थेंब कल्चरचाच घे, कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलिनने बंद कर, नाहीतर पाच मिनिटांत मिठाचे स्फटिक उगवतील. पेशी गडद आणि आत झगझगीत ठिपके दिसले, तर दोनच संशयित उरतात: वायुपुटिका, म्हणजे पेशीतल्या वायू भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या, किंवा पीएचबी या चरबीसारख्या साठ्याचे कण.

निवाडा सिरिंजने होतो. दहा मिलीच्या सिरिंजमध्ये दोन मिली कल्चर आणि आठ मिली हवा घे, तोंड घट्ट बंद कर, आणि दट्ट्या एकदम दाबून हवा तीन मिलीवर आण. एकदम म्हणजे एकदम. पुटिकेच्या भिंतीतून वायू आरपार जातो. हळू दाबलंस तर आतला दाबही वाढत जातो आणि ती तगते. न दाबलेलं कल्चर शेजारच्या स्लाइडवर ठेव. दाबलेल्यात ठिपके विझले तर वायू. तसेच राहिले तर पीएचबीचा संशय धर.

मग फ्लुओरेसन्सला जा, नाइल रेड हा चरबीत बसून चमकणारा रंग घेऊन. पीएचबीचे कण ठळक चमकतात, पडद्यातलं लिपिडही थोडं उजळतं, म्हणून सबंध पेशी मंद लाल दिसली तर हुरळून जाऊ नकोस. रंग मिठाच्या पाण्यातच कालव. पुन्हा तेच सांगतोय, हो.

सेम या प्रश्नाला निरुपयोगी आहे. तो पृष्ठभाग दाखवतो आणि तुझा ठिपका पोटात आहे. शिवाय अल्कोहोलने पाणी काढताना मीठ बाहेर पडतं आणि त्याचे कण पेशींवर बसून झकास फोटो देतात. अशा फोटोंसाठी एका समितीने माझा अहवाल परत पाठवला होता. मी फेजची चित्रं बदलली नाहीत, पैसे गेले. मला हट्टी म्हणणारे अजून आहेत. असोत. 1980 साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वॉल्सबी यांनी सिनाईच्या खाऱ्या पाण्यातले चौकोनी जीव जगापुढे आणले, ते साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, त्याच खाऱ्या पाण्यात बघून.

टेमला, म्हणजे पेशीचा पातळ छेद आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला, मात्र माझा विरोध नाही. प्रकाशाला साधारण 0.2 मायक्रोमीटरच्या खाली दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, म्हणून फेजमधला झगमगाट हा पुटिकांचा घोळका असतो. एकेकटी पुटिका, तिची टोकदार टोकं, टेमच दाखवतो. पण छेदात पीएचबीसुद्धा पांढरी पोकळीच दिसते. आकार बघ: सगळेच गोल असतील तर बहुधा साठा, चातीसारखे निमुळते दिसले तर पुटिका. आणि फिक्स करायचं ग्लुटराल्डिहाइड मिठाच्या त्याच तीव्रतेत बनव, साध्या बफरमध्ये बनवलंस तर फुटलेल्या पेशींचे फोटो काढून येशील.

सिरिंजचं काय झालं ते लिही. दाबलेलं आणि न दाबलेलं, दोन्हींचे फोटो एकाच एक्सपोजरला काढ, गाइडना ते आधी दाखव आणि मग टेमची वेळ माग.