जर्मनीत १७व्या वर्षी: अडतं ते सहीवर

"मुलगा १७ वर्षांचा आहे, सप्टेंबरात शिकायला जर्मनीला निघालाय. १८ पूर्ण व्हायला तीन महिने आहेत. बँक खातं, सिम, भाड्याची गाडी यातलं त्याला काय मिळेल?"

ताई, सगळ्यात आधी बँकेचं बघा, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये तुम्ही वर्षाचे पैसे भरले, तरी ते दर महिन्याला थोडे थोडे सुटतात, आणि तेही तिथल्या चालू खात्यातच, ज्याला ते 'गिरोकोंटो' म्हणतात. हे खातं १७व्या वर्षी उघडता येतं, पण जर्मन कायद्यात ७ ते १७ वयाच्या मुलाने केलेल्या कराराला पालकांची संमती लागते. बँका साधारणपणे आई आणि वडील दोघांच्याही सह्या, दोघांचे पासपोर्ट आणि मुलाचा जन्मदाखला मागतात.

माझ्या पुतण्याचं नेमकं इथेच अडलं. तो आला तेव्हा १८ला दहा आठवडे बाकी होते. फॉर्मवर दादाची सही होती, वहिनीची नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी सहीच्या रिकाम्या चौकटीवर पेन्सिलीने गोल केला आणि फॉर्म परत दिला. मी सख्खा काका शेजारी उभा, पण मी कायदेशीर पालक नाही, त्यामुळे माझी सही चालली नाही. तेवढे आठवडे खोलीचं भाडं मी माझ्या खात्यातून भरलं. वाढदिवसानंतर तो पासपोर्ट आणि पत्त्याच्या नोंदणीचा कागद घेऊन एकटा गेला, आणि खातं उघडलं.

म्हणून बँक आत्ताच निवडा आणि अल्पवयीन मुलाच्या खात्यासाठी पालकांची ओळख भारतातून पटवता येते का, हे ईमेलवर लेखी विचारा. येत नसेल तर दोघांपैकी एकाने सोबत जावं आणि दुसऱ्याचं मुखत्यारपत्र न्यावं. त्याचा मसुदा मात्र आधी बँकेला दाखवून घ्या. जन्मदाखल्याचं जर्मन भाषांतरही जवळ असू द्या. खोलीच्या करारालाही तुमची संमती लागते, तेव्हा तोही याच फाइलमध्ये ठेवा.

सिमचं सोपं आहे. तिथे २०१७पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते, पण बऱ्याच कंपन्या १६ पूर्ण झालेल्यांना ते देतात. पासपोर्ट घेऊन दुकानात जायचं. दर महिन्याच्या बिलाचं, दोन वर्षांचं कनेक्शन मात्र १८ शिवाय स्वतःच्या नावावर मिळत नाही, आणि सुरुवातीला त्याची गरजही नसते.

गाडीचा विचार सध्या सोडाच. गाडी चालवायला १८ पुरतात, पण भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या २१ वर्षं पूर्ण आणि निदान वर्षभर जुनं लायसन्स मागतात. वर, पंचविशीच्या आतल्यांकडून दिवसागणिक जादा पैसे घेतात. शिवाय तिथे राहायला गेल्यावर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं.