ईआरपी: माल एकदाच मोजला, मग एन्ट्री तीनदा का?

प्रश्न: परचेस, स्टोअर, अकाउंट्स तिघांची सॉफ्टवेअरं वेगळी आहेत, रोज संध्याकाळी एक्सेलने डेटा इकडून तिकडे टाकतो. चालतंय की, मग ईआरपी, म्हणजे सगळ्यांचं मिळून एकच सॉफ्टवेअर आणि एकच डेटाबेस, कशाला?

चालतं हो, माल पूर्ण येतो तोवर. समजा परचेसने 500 बेअरिंगची ऑर्डर काढली, आले 480, आणि सप्लायरने बिल लावलं 500 चं. तुमच्याकडे ऑर्डर एकीकडे, स्टोअरची पावती दुसरीकडे आणि अकाउंट्सवाला बिल बघून 500 टाकणार, म्हणजे 20 नगांचे पैसे गेले आणि ते कळणार महिनाअखेरीला, ताळा बसत नाही म्हणून सगळे डोकं धरून बसतील तेव्हा. एकाच डेटाबेसमध्ये स्टोअरवाला ती पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, उघडतो, आयटम, रेट, सप्लायर आधीच भरलेलं असतं, तो फक्त 480 टाकून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, करतो. त्याच क्षणी स्टॉक वाढतो, पीओवर 20 बाकी दिसतात आणि खात्यात 480 नगांच्या किमतीची नोंद पडते: स्टॉक डेबिट, आणि बिल अजून यायचंय म्हणून जीआर-आयआर नावाचं मधलं खातं क्रेडिट.

प्रश्न: म्हणजे अकाउंट्सला काहीच टाकायचं नाही?

बिल नंबर, तारीख, रक्कम टाकावीच लागते, कारण ती माहिती बाहेरून येते. पण ते बिल त्याच पीओवर चढतं, मग सिस्टिम पीओ, जीआरएन आणि बिल जुळवून बघते आणि 20 चा फरक दिसला की पेमेंट अडवते, अर्थात हे चेकिंग सेट केलेलं असेल तर. आमच्यात याला थ्री-वे मॅच म्हणतात. माझा साधा नियम, एखाद्या खात्यात कोणी दुसऱ्या खात्याचा कागद बघून आकडे टाइप करत बसलेला दिसला, तर ईआरपी अर्धवटच लागलंय.

प्रश्न: ईआरपी घेऊन वर्ष झालं तरी एकच आयटम दोनदा दिसतो, असं कसं?

कारण डेटाबेस एक असला तरी कोड दोन बनलेत. कोणी "बेअरिंग 6205" टाकलं, कोणी "6205 बॉल बेअरिंग", कॉम्प्युटरला ते दोन वेगळे आयटम. मग 300 नग एका कोडवर पडून असतात, बीओएममध्ये, म्हणजे प्रॉडक्टला काय काय माल लागतो त्या यादीत, दुसरा कोड असतो, तिथे शून्य दिसतं, आणि प्लॅनिंग नवी ऑर्डर सुचवतं. म्हणून नवा कोड उघडायचा हक्क एकदोघांनाच द्या. आणि साफसफाई करताना नाव सारखं दिसलं म्हणून एकत्र करू नका, 6205 झेडझेड हा खरंच वेगळा आयटम आहे, त्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याचं कव्हर असतं.

प्रश्न: स्टोअरने 480 ऐवजी 4800 मारलं तर?

तर ती चूक पण लगेच सगळीकडे पोचते, हा या पद्धतीचा तोटाच आहे. पीओपेक्षा जास्त माल किती घ्यायचा ही मर्यादा सेट करून ठेवा, म्हणजे 4800 आत जाणारच नाही. तरी काही चुकलंच तर एन्ट्री खोडायची नाही, रिव्हर्सल मारायचं, म्हणजे स्टॉक आणि खातं दोन्ही सोबतच मागे येतात.