मॉनिटरवर ‘No Signal’ दिसतंय? आधी केबल कुठे लावलीय ते बघ

अरे, लगेच ग्राफिक्स कार्ड गेलं असं धरू नकोस. कॅबिनेटच्या मागे बघ. केबल वर यूएसबीच्या शेजारी असेल तर ती मदरबोर्डला लागलीय. कार्ड असताना ती खाली कार्डाच्याच पोर्टात हवी. नवखे इथे बरेचदा चुकतात.

तरी काळंच? एका वेळी एकच गोष्ट बदल. तीच केबल, मॉनिटरचं तेच पोर्ट, फक्त पीसीऐवजी लॅपटॉप लाव.

- चित्र आलं: केबल आणि मॉनिटर ठीक, दोष पीसीत.
- नाही आलं: आधी केबल बदल, मग मॉनिटरचं पोर्ट.

परवा जुळे सोलापुरात मित्राकडे लॅपटॉपवर चित्र आलं, म्हणून कार्डाचं दुसरं पोर्ट वापरलं आणि लगेच डेस्कटॉप दिसला. पहिल्या पोर्टातली एक पिन वाकलेली होती. सगळीच पोर्टं गप्प असती, तर कार्डावर संशय घेतला असता.